हस्तपुस्तिकेतील ‘समान संधी’ची दोन पाने आणि मागच्या पगाराची स्लिप

आमच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या कर्मचारी हस्तपुस्तिकेतील ‘समान संधी’ हे प्रकरण नव्याने लिहिण्याचे काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. जुन्या मजकुरात ‘आमची संस्था कोणताही भेदभाव करत नाही’ असे एकच वाक्य होते. ते खरे की खोटे हे तपासण्याचा कोणताही मार्ग कामगाराकडे नव्हता, आणि माझी मुख्य हरकत तीच होती. निर्णय कोण घेतो, कशाच्या आधारे घेतो आणि त्याची नोंद कुठे राहते, हे सांगत नाही ते वाक्य अशा प्रकरणात ठेवू नये, असे माझे मत आहे.

भरतीचा भाग तुलनेने लवकर झाला. आमच्या अर्जात वैवाहिक स्थिती आणि मुलांची संख्या असे दोन रकाने होते. ते कशासाठी आहेत हे कोणालाच सांगता येईना. नीरा माथूर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आयुर्विमा महामंडळाला महिला उमेदवारांनी भरायच्या घोषणापत्रातील मासिक पाळी व गर्भारपणाविषयीचे रकाने काढून टाकण्यास सांगितले होते, तरी मुलाखतीत ‘लग्नाचा काय विचार आहे?’ हा प्रश्न आजही सहज विचारला जातो. म्हणून आम्ही रकाने काढले आणि मुलाखतीत विचारू नयेत असे प्रश्न मजकुरातच लिहिले. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यानुसार समान संधी धोरण जाहीर करावेच लागते, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला त्यात अपंग व्यक्तींसाठी योग्य पदांची यादी व संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही द्यावी लागते. ती यादी आमच्याकडे नव्हतीच.

खरा वाद झाला तो पगारावर. आमच्याकडे नव्या माणसाचा पगार मागच्या कंपनीच्या पे-स्लिपवर 20 टक्के वाढ देऊन ठरत असे. हे वरवर निःपक्षपाती वाटते, कारण टक्केवारी सर्वांना सारखीच असते. पण एकाच लाइनवर क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून आलेल्या दोघांचे उदाहरण घ्या. अनुभव सारखा, पण तिचा मागचा पगार 18,000 आणि त्याचा 24,000. येथे रुजू होताना तिला 21,600 मिळाले, त्याला 28,800. पहिल्याच दिवशी 7,200 रुपयांचा फरक. पुढे दोघांना दरवर्षी 8 टक्के वाढ मिळाली, तर पाच वर्षांनी तोच फरक सुमारे 10,580 रुपये होतो. यात कोणाही साहेबाने पक्षपात केलेला नाही. आधीच्या कोणा मालकाने तिला कमी लेखले, ते आम्ही टक्केवारीसकट जसेच्या तसे उचलले.

कायदा पदनामापेक्षा कामाकडे पाहतो. वेतन संहिता, 2019 मध्ये कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी समान असेल, तर ते समान स्वरूपाचे काम मानले आहे. मुंबईतील स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांच्या समान वेतनाच्या, 1987 मध्ये निकाल लागलेल्या खटल्यात त्यांच्या कंपनीने महिला स्टेनोग्राफरांचे काम वेगळे असल्याचे सांगून पाहिले, कामगार संघटनेशी झालेला करार दाखवला आणि आर्थिक ऐपतही पुढे केली. यातले काहीही सर्वोच्च न्यायालयाने मानले नाही. म्हणून तुलना करताना पदनामे बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम लिहून काढावे, हे मी आग्रहाने घातले. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: फरक मिटवण्यासाठी जास्त पगार असलेल्याचा पगार कमी करण्यास कायद्याची मनाई आहे. म्हणजे खर्च येतो, आणि व्यवस्थापनाचा विरोध मुळात त्या खर्चाला होता.

शेवटी पगाराचे कलम असे ठरले: ‘प्रत्येक पदाची किमान व कमाल पगारमर्यादा आधी ठरवली जाईल. उमेदवाराला मागचा पगार विचारला जाणार नाही. मर्यादेत तो कुठे बसतो, हे अनुभव व चाचणीच्या गुणांवरून ठरेल आणि कारण एका ओळीत लिहून ठेवले जाईल.’ बाजारात ज्यांची टंचाई आहे, असा टूल-रूमचा माणूस या मर्यादेत मिळेलच असे नाही. तिथे अपवाद करता येतो, पण तो लेखी आणि दोन जणांच्या सहीने.

बढतीच्या बाबतीत गोष्ट बारीक होती. सुपरवायझर होण्यासाठी आधी ‘प्रभारी’ म्हणून काम केलेले असणे आवश्यक, आणि प्रभारी कोण होणार हे शिफ्ट इंचार्ज तोंडी ठरवणार, त्यामुळे बढतीचा अर्ज निघण्याआधीच निकाल लागलेला असे. आता प्रभारीपदही सूचना फलकावर लावायचे ठरले आहे. प्रसूती रजेचे 26 आठवडे वगळून, उरलेल्या महिन्यांच्या कामावरच त्या वर्षाचे मूल्यमापन करायचे, हेही लिहिले.

आपला पगार आपल्या पदाच्या मर्यादेत कुठे आहे, असे कर्मचाऱ्याने लेखी विचारल्यास 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, असे मी मसुद्यात लिहिले होते. वरून परत आलेल्या प्रतीत बाकी सर्व तसेच होते, फक्त 15 चे 30 झाले होते. ते मी मान्य केले.