सावजीवाल्या काकांना पाठवलेलं पत्र

कॉलेजच्या गेमिंग क्लबचा सेक्रेटरी म्हणजे गेम कमी खेळणारा आणि पैसे जास्त मागणारा माणूस. बीजीएमआय या मोबाईल गेमची आमची इंटर-कॉलेज टूर्नामेंट होती आणि स्पॉन्सर म्हणून मोबाईलच्या दुकानांऐवजी माझ्या डोक्यात एक सावजी भोजनालय बसलं होतं, कारण या गेममध्ये शेवटपर्यंत जिवंत राहिलेल्या टीमच्या स्क्रीनवर चिकन डिनरचंच अभिनंदन येतं, आणि नागपुरात ते सोडून दुसऱ्या कोणाकडे जायचं सांगा.

पत्राचा पहिला ड्राफ्ट आमच्या टेक्निकल हेडनं लिहिला. साडेतीन पानं. पहिल्या पानावर जगातल्या ई-स्पोर्ट्सचा इतिहास, दुसऱ्यावर डायमंड, गोल्ड, सिल्व्हर पॅकेज, आणि पैसे किती पाहिजे ते शेवटच्या पानावर, तेही "यथाशक्ती". काका गल्ल्यावर बसून एका हातानं पार्सल बांधतात, त्यांच्याकडे साडेतीन पानं वाचायला वेळ कुठून येणार बाप्पा! मी इतिहास उडवला, आकडा दुसऱ्या ओळीत आणला आणि हिशोब चार ओळींत मांडला: बक्षिसं 15,000, ट्रॉफ्या-सर्टिफिकेट 4,000, इंटरनेट आणि भाड्याचे राउटर 3,500, फ्लेक्स 2,500. एकूण 25,000. राउटर काऊन पाहिजे तेही लिहिलं, कारण 64 मोबाईल कॉलेजच्या एकट्या वायफायवर टाकले की पिंग वर जातो, गोळी आता मारली तं ती नंतर लागते, आणि मंग हरलेले सगळे ऑर्गनायझरला शोधत फिरतात.

प्रिन्सिपल सरांची सही आणि शिक्का यायला किती वेळ लागला ते सोडून देऊ.

काकांनी चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "हे पैसे लावून खेळायचं तं सरकारनं बंद केलं ना?" प्रश्न बरोबर होता. 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, पण ई-स्पोर्ट्स त्यात धरलेले नाहीत. मी म्हटलं, काका, पोट्टे एक रुपयाही लावत नाहीत, एन्ट्री फी नाही, बक्षीस स्पॉन्सरच्या पैशातून. "मंग हे लिहिलं काऊन नाही?" पेन काढून तिथंच लिहिलं.

खरा मार पुढं होता. पत्रात आम्ही झोकात लिहिलं होतं, "48 टीम, 192 खेळाडू." काका म्हणाले, "192 पोट्टे कॉलेजात येऊन राहिले?" म्हटलं, तसं नाही, गेममधल्या एका ऑनलाइन रूममध्ये 16 टीम खेळतात, म्हणून 48 टीमचे तीन गट, ते सगळे घरून ऑनलाइन खेळणार, त्यातून 16 टीम फायनलला ऑडिटोरियममध्ये येणार. काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हणजे 64. घरी बसलेल्याच्या तोंडात माझा रस्सा कसा जाईन रे बाबू?"

यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार, कोपऱ्यात तुमचा लोगो राहील, असं मी सांगितलं, तर ते म्हणाले की लोगो पाहून कोणाचं पोट भरत नाही. लाइव्ह आम्ही मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवतो, नाही तर खेळणारेच ते पाहून दुसऱ्या टीमची जागा शोधतात, हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. उशिरा दिसणारा लोगो हे ऐकून तर त्यांनी पत्राची पुडीच बांधली असती.

मग तिथंच टेबलावर पत्र नव्यानं लिहिलं. 192 चा आकडा खाली सरकवला आणि वर हे टाकलं: "फायनलचे 64 खेळाडू आणि 20 व्हॉलंटिअर, म्हणजे 84 जण, दिवसभर तुमच्या भोजनालयापासून चालत दहा मिनिटांवर असतील. प्रत्येकाच्या पासमागे आपलं 10 टक्के सवलतीचं कूपन छापू. किती कूपनं परत आली ते आपण गल्ल्यावर स्वतः मोजावं." शेवटची ओळ वाचून काकांनी पहिल्यांदा चहा सांगितला. पुढच्या वर्षी द्यायचं की नाही ते आता त्यांच्या ड्रॉवरमधली कूपनं ठरवणार होती, आमचं गोड बोलणं नाही.

25,000 काही मिळाले नाहीत. 10,000 चा चेक आणि जिंकणाऱ्या टीमच्या चौघांचं जेवण यावर सौदा झाला, उरलेले 15,000 दुसऱ्या दुकानांतून. आता चेक कोणाच्या नावानं? क्लबचं खातं नाही, माझ्या नावावर घेतला तं काकांना पावती कोण देणार, म्हणून कॉलेजच्या नावानं. म्हणजे पैसे मिळाले, पण अकाउंट सेक्शनमधून बाहेर पडेपर्यंत ट्रॉफीवाल्याला आम्ही फक्त आशा देऊ शकत होतो.

उठताना काकांनी पत्र पुन्हा उचललं आणि चिकन डिनरवर बोट ठेवलं. "आणि जिंकणारे पोट्टे व्हेज निघाले तं?"

हे कोणत्याच रूलबुकात नव्हतं. आम्ही दोघं थोडा वेळ गप्प. मग त्यांनीच माझा पेन घेतला आणि चिकनच्या पुढं तिरकी रेघ मारून लिहिलं, "पाटोडी रस्सा".