खजिनदार झालात? मग वही फेकून द्या

अभिनंदन! मीटिंगला तुम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलात आणि तेवढ्यात तुम्हाला एकमताने खजिनदार करून टाकलं. गल्लीतल्या मंडळाची ही रीतच आहे, जो जास्त बोलतो तो अध्यक्ष, जो काहीच करत नाही तो सल्लागार, आणि जो हजर नाही तो खजिनदार. गणपतीला अजून महिना आहे, टेन्शन घेऊ नका, मी दोन वर्षं हे पद भूषवलंय (आणि आता रस्ता बदलून दूध आणायला जातो) त्यामुळे माझं ऐका.

सुरुवात पावती पुस्तकांपासून. छापखान्यातून आठ पुस्तकं येतील, प्रत्येकात ५० पावत्या, म्हणजे एकूण ४००. कुठलं पुस्तक कुणाकडे दिलं हे अजिबात लिहायचं नाही. वहीत नंबर, नाव, तारीख आणि सही एवढे चार रकाने मारायला दहा मिनिटं लागतात हे खरंय, पण पोरांना काय वाटेल, आपल्यावर विश्वास नाही? त्यापेक्षा गठ्ठा मांडवातल्या टेबलावर ठेवा, ज्याला जेव्हा उत्साह येईल तो उचलेल. आणि कुणी म्हणालंच की मंडळ रजिस्टर नाहीये, वर्गणी मागायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, नंतर हिशोबही द्यावा लागतो, तर त्याला पुढच्या वर्षी सल्लागार करतो म्हणून सांगा.

वर्गणी मागताना आकडा आपण ठरवायचा. "काका, गेल्या वर्षी दोनशे दिलेत, यंदा पाचशे एक लिहितो हं" असं म्हणत पेन टेकवायचंच, समोरच्याला तोंड उघडायला वेळ दिला तर तो नाही म्हणू शकतो आणि नाही म्हणणं हा त्याचा हक्क आहे हे त्याला आठवू शकतं. मग तो म्हणेल, "फाडून ठेव पावती, पैसे देतो संध्याकाळी". फाडा. पैसे हातात आल्यावरच पावती, तोवर नुसतं नाव एका कागदावर, असला कंजूषपणा मोठ्या मंडळाला शोभत नाही. पावती चुकली तर चुरगाळून खिशात टाका, उगाच दोन्ही प्रती जागेवर ठेवून वर आडवं 'रद्द' लिहीत बसू नका.

आणि स्कॅनर स्वतःचाच लावा. मंडळाचं खातं उघडायचं म्हणजे ठराव, सह्या, बँकेत चकरा. तुमच्याच फोनवर वर्गणी, पगार, भिशी आणि बायकोने भाजीला पाठवलेले चारशे असं सगळं एका नदीत आलं की दहाव्या दिवशी नुसतं ओंजळीने वेगळं करायचं.

आमच्याकडे काय झालं सांगतो. विसर्जनानंतर पुस्तकं मागवली, सात आली. त्यात ३१२ पावत्या फाडलेल्या, ३८ कोऱ्या. स्थळप्रतींची बेरीज १,८७,४१५. पेटीत रोख १,२१,०००, स्कॅनरवर आलेले ५८,९००, म्हणजे हातात १,७९,९००. फरक ७,५१५ रुपयांचा. आता हुशार खजिनदार इथे काय करतो, तर खर्चात 'किरकोळ' नावाची ओळ घालतो आणि विषय संपवतो, मीही घालायलाच बसलो होतो, पण आमच्या दुसऱ्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना झोप येत नाही. त्यांनी स्थळप्रती घेतल्या, शेजारी माझ्या फोनचं स्टेटमेंट ठेवलं, पोरांना एकेक करून बोलावलं आणि पैसे मिळालेल्या प्रत्येक पावतीवर पेन्सिलने टिक मारत गेले. शेवटी १५ पावत्या बिनटिकेच्या राहिल्या, सगळ्या पाचशे एकच्या. १५ गुणिले ५०१ करून बघा. कुणी खाल्ले नव्हते हो, ते संध्याकाळी देणारे पंधरा लोक होते आणि त्यांची संध्याकाळ अजून व्हायचीय. पण तोवर गल्लीत आठ दिवस ज्या पोराने सगळ्यात जास्त पावत्या फाडल्या होत्या त्याच्याच नव्या बुटांची चर्चा चालली होती. रोज रात्री आरतीनंतर पेटी मोजून दोघांनी सही केली असती तर ही गंमत हुकली असती.

कार्यकर्त्यांचं सोपं आहे. ग्रुपवर टाकायचं, "रात्री पहाऱ्याला सर्वांनी यावे". सर्वांनी म्हटलं की कुणीच येत नाही आणि मूर्तीपाशी समई पेटलेली, वर कापडी छत, खाली मल्टीप्लगला मल्टीप्लग, एवढा रोमांच फुकट मिळतो. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून प्रत्येक पाळीला दोघांची नावं फळ्यावर लिहिली, एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा, सकाळी लवकर शिफ्ट असलेल्याला पहिली पाळी, असं केलंत तर लोक खरंच येतील, मग तुम्ही रात्रभर एकटं जागून दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर ओरडणार कसं? प्रसादाची भांडी मात्र दरवर्षी त्याच तीन वहिनींनी घासायची, ही परंपरा आहे.

आता मुख्य विषय, आवाज. कुणी नियम काढलाच तर त्याला सांगा, "यंदा बाराची परवानगी आहे". हे वाक्य फार कामाचं आहे कारण ते अर्धं खरं आहे. एरवी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद असतो, सणासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं, कोणते दिवस ते जाहीर होतं. पण वाढते ती वेळ, डेसिबल नाही. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा तिथेच असते, हे वाक्य तुम्ही गिळायचं. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तेही गिळा, पोट मोठं ठेवा, तुम्ही गणपतीचे भक्त आहात.

स्पीकर दोन मोठे घ्या, उंच रचा आणि तोंड समोरच्या बिल्डिंगकडे करा. छोटे चार घेऊन मांडवात खाली, आतल्या बाजूला लावले तर आरती मांडवातल्याच लोकांना ऐकू जाईल, मग पैसे कशाला दिले? बेस तर वाढवाच, तो खिडकी लावली तरी भिंतीतून आत जातो, पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या फडताळातल्या काचेच्या बरण्या वाजायला लागल्या की समजायचं नीट पोचलाय. आजींकडे आधी जाऊन "किती वाजता झोपता, त्रास झाला तर या नंबरला फोन करा" असं विचारायची चूक आम्ही दुसऱ्या वर्षी केली. आजी म्हणाल्या, "साडेनऊला बंद करा, आरतीला मीच खाली येते". आल्या पण, आणि रोज चाल चुकली म्हणून पोरांना टोकत बसल्या.

हां, ते आठवं पुस्तक राहिलंच. दिवाळीनंतर मांडववाल्याचा फोन आला, घडी घातलेल्या छताच्या कापडात सापडलं म्हणे. २३ पावत्या फाडलेल्या, एकीवरही घेणाऱ्याची सही नाही. काका पेन्सिलला टोक करून बसलेत, मी घरी नाही असं सांगा.