आडनाव, कॉलेज आणि माझा एक घोळ

मी भरतीचं काम करणारी इंटर्न. उमेदवारांच्या माहितीच्या गोपनीयतेवर मी लिहिलं होतं, त्यावर एका वाचकाची कमेंट: "गोपनीयतेच्या गप्पा छान मारल्यात. प्रत्यक्षात तुम्ही इंटर्न लोक आडनाव आणि कॉलेज बघून रेझ्युमे उडवता, आणि आमची माहिती ऑफिसभर फिरते."

राग समजतो, आणि त्यातलं माहिती फिरण्याचं माझ्या हातून एकदा खरंही झालंय, ते पुढे सांगते.

आधी आडनावाचं. रेझ्युमे उघडला की फोटो, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, सगळं न मागता समोर येतं, त्यामुळे मला काही दिसतच नाही असं कसं म्हणू. आमच्या बाणेरच्या ऑफिसात ज्युनिअर अकाउंटंटच्या एका जागेसाठी ११८ रेझ्युमे आले, तेव्हा सरांनी एकही उघडायच्या आधी माझ्याकडून तीन अटी लिहून घेतल्या: टॅली येतं का, जीएसटी रिटर्न स्वतः भरलेत का, दोन वर्षांचा अनुभव आहे का. शीटमध्ये नावाच्या जागी नंबर, तीन अटींपुढे हो किंवा नाही, आणि बाद केलं तर कारण एका ओळीत. ४३ नंबरपुढे मी "दीड वर्ष गॅप" लिहिलं. सर म्हणाले, ही अट कुठे होती? नव्हतीच. तिन्ही अटींना हो होतं, मग ४३ नंबर परत यादीत. नावं आणि फोन वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, कारण त्याच शीटमधला कॉलम नुसता हाइड केला तर एडिट ॲक्सेसवाला कुणीही तो परत उघडतो.

आता घोळ. सहा जणांना इंटरव्ह्यूला बोलवायचं होतं, मी वेळ वाचवायला गुगल कॅलेंडरवर एकच इन्व्हाइट केलं आणि सहाही मेल त्यात टाकले, आणि त्यात गेस्ट लिस्ट सगळ्यांना दिसते ही खूण बाय डिफॉल्ट चालूच असते. रात्री नऊला एकाचा फोन, "मॅडम, लिस्टमध्ये माझ्याच टीममधली मुलगी आहे, उद्या ऑफिसात काय सांगू?" इन्व्हाइट उडवलं, पण मेल तर सगळ्यांकडे पोचलेले. त्याच रात्री सरांना सांगितलं, सकाळी सहाही जणांना फोन करून चूक कबूल केली आणि वेगवेगळ्या इन्व्हाइट पाठवल्या. तो मुलगा आलाच नाही.

तेव्हापासून एकाला एकच इन्व्हाइट, ४५ मिनिटांच्या इंटरव्ह्यूनंतर १५ मिनिटं मोकळी, म्हणजे एक जण निघेपर्यंत दुसरा रिसेप्शनला येत नाही. फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर कंपनीचं नाव सांगत नाही, नंतर करते म्हणून ठेवते. हिंजवडीत कामाला असलेल्याला दुपारी तीनची वेळ दिली तर तो सुट्टीला काय कारण सांगणार, म्हणून सकाळी साडेआठ किंवा संध्याकाळी सातचे स्लॉटही ठेवतो, आणि ते सगळ्यांना सारखेच विचारतो.

गेटवरचं रजिस्टर मात्र अजून तसंच आहे, आधी आलेल्याचं नाव आणि मोबाईल पुढच्याला सरळ दिसतो. वरच्या ओळींवर कोरा कागद ठेवायला वॉचमनकाकांना सांगितलंय, पण दुपारी जेवण झालं की ते विसरतात.