तीन बाटल्या आणि दोन रकाने

तुरीच्या डाळीला अकरा शिट्ट्या. या अकरा शिट्ट्यांपायी मी महिनाभर आमच्या सोसायटीचा पाणी-तज्ज्ञ होतो, आणि आता रस्त्यात कोणी भेटलं तरी तब्येत नाही विचारत, पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती, ते विचारते.

झालं असं, की मे महिना, नागपूरचा, म्हणजे वेगळं सांगायला नको. टाकीतलं पाणी कमी पडून राहिलं म्हणून सेक्रेटरी साहेबांनी बोअरची मोटर दोन वेळा चालू करायला लावली. नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी दोन्ही जमिनीखालच्या एकाच टाकीत, म्हणजे संपमधे पडते आणि तिथून वर जाते. आणि आठवड्याभरात आमच्या घरची डाळ शिजेना. बायको म्हणे डाळ जुनी, मी म्हणे कुकरचं रबर गेलं, आणि सासूबाई गावाहून फोनवर म्हणाल्या, "पाणी जड असंन जावईबापू, आमच्या जुन्या विहिरीच्या पाण्यात बी डाळ अशीच दगडावानी राहे." झालं. तिघांत एकच माणूस बरोबर निघाला आणि तो इथे नव्हता.

पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून बसते, मग ते विरघळत नाही, दाणा फुटत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी फक्त ग्रुपवर टाकलं की "पाणी टेस्ट करून घ्यायचं का?" आणि ज्यानं विचारलं त्यानंच करायचं हा सोसायटीचा अलिखित नियम आहे.

तीन बाटल्या भरल्या. एक बोअरची, एक खालच्या मजल्यावरच्या डायरेक्ट नळाची, आणि एक तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊजींच्या आरओची, कारण त्यांनी नुकतंच नवीन मशीन घेतलं होतं आणि आपलं पाणी पहिल्या नंबरात येईल याची त्यांना खात्री होती. बोअरची बाटली आंब्याच्या कोल्ड्रिंकची होती, मी आपली एकदा विसळून घेतली. मोटर चालू झाल्या झाल्या पहिल्याच धारेचं पाणी धरलं, अर्धी बाटली भरली आणि गाडीच्या डिक्कीत टाकली, तिथे ती दीड दिवस ४४ डिग्रीत राहिली कारण शनिवारी लॅब लवकर बंद झाली.

सोमवारी लॅबवाल्या दादांनी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढुरकी पावडर बसलेली. "भाऊ, हे पाणी आणलं का मठ्ठा?" मग त्यांनी शांतपणे समजावलं. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, बाटलीत हवा ठेवली आणि गरम केली की तो उडून जातो, मग पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, म्हणजे मोजायच्या आधीच हार्डनेस, पाण्याचा जडपणा, तळाला जाऊन बसला. "पीएच तर तिथल्या तिथंच पाहावा लागते." त्यांनी दुसऱ्या दिवशी एक माणूस पाठवला, पोर्टेबल मीटर घेऊन. त्यानं मोटर दहा मिनिटं चालवली, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, अगदी गळ्यापर्यंत भरली आणि हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावलं. जागेवर पीएच ७.२. माझ्या मठ्ठ्याचा ७.९ आला होता. तेच बोअर, तेच पाणी.

रिपोर्ट आला. बोअर: पीएच ७.२, हार्डनेस ४१०, टीडीएस ७६०. नळ: ७.८, १२०, २१०. भाऊजींचं आरओ: ६.२, १०, ३४. पीएच सोडून बाकी आकडे लिटरला मिलिग्रॅम.

भाऊजींनी ३४ पाहिला आणि ग्रुपवर थेट फटाक्यांचे इमोजी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे पेनासारखं टीडीएस मीटर आहे, ते म्हणाले बोअरचा आकडाच खोटा आहे, माझ्या मीटरवर ६०५ येऊन राहिला. मी परत लॅबला फोन. तर ते मीटर टीडीएस मोजतच नाही! ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते, आमच्या बोअरची आली १२१०, आणि त्याला आत बसवलेल्या एका आकड्यानं गुणते. काकांच्या मीटरमधे ०.५ बसवलाय, म्हणून ६०५. लॅबनं पाणी गाळलं, आटवलं, उरलेलं १८० डिग्रीला वाळवून वजन केलं, ते ७६०. म्हणजे आमच्या पाण्यासाठी तो आकडा ०.६३ च्या आसपास पाहिजे. काकांना हे सांगितलं तर म्हणे, "मग माझ्या मीटरनं तीन वर्षं काय मोजलं?" मी काय बोलणार.

मग मोठा घोळ सुरू झाला, तो म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ चं. मला वाटायचं मानक म्हणजे परीक्षेसारखं, ३५ च्या वर पास. पण त्या तक्त्यात दोन रकाने आहेत राव. एक "स्वीकार्य मर्यादा" आणि दुसरा "पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा". हार्डनेस: २०० आणि ६००. टीडीएस: ५०० आणि २०००. सेक्रेटरी साहेब दुसरा रकाना धरून बसले, "४१० आहे, ६०० च्या आत आहे, विषय संपला." आमच्या घरून पहिला रकाना धरला, "दुप्पट आहे, दुप्पट!" आणि दोघंही तक्त्यावर बोट ठेवून बोलून राहिले होते, दोघांचंही खरं होतं.

सगळा जीव त्या तीन शब्दांत अडकलाय: पर्यायी स्रोत नसल्यास. म्हणजे ६०० हा हक्क नाही, ती नाइलाजाची सूट आहे. गावात दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं. आणि आमच्याकडे तर खालीच नळाला १२० चं पाणी येते, पेंच धरणाचं. मग आम्हाला ६०० वाला रकाना लागूच होत नाही ना.

"होतो," चौथ्या मजल्यावरच्या काकू मिटिंगमधे म्हणाल्या. "नळ खाली आहे. लिफ्ट बंद आहे. माझे गुडघे गेले. मले पर्यायी स्रोत नाही."

यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी कोणीतरी (मी नाव घेत नाही, मी शेजारीच राहतो त्यांच्या) ठराव मांडला की ज्यांचे गुडघे शाबूत त्यांना २०० आणि ज्यांचे गेले त्यांना ६०० लागू करावा. तो मतालाही टाकला होता, खरं सांगतो.

दरम्यान मी एक हिशोब करून पाहिला, कारण रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही हे मठ्ठ्यानं शिकवलं होतं. रिपोर्टमधे कॅल्शियम ८८ आणि मॅग्नेशियम ४६ असंही होतं. कॅल्शियमला अडीचनं गुणा, २२०. मॅग्नेशियमला ४.१ नं, १८९. बेरीज ४०९. हार्डनेस लिहिलाय ४१०. जुळलं! फार मोठा फरक आला असता तर समजायचं कुठेतरी घोटाळा आहे. सेक्रेटरी साहेबांनी मधेच कॅल्शियमच्या ८८ ला हार्डनेस समजून "बघा, २०० च्या आतच आहे" म्हणून फोटो टाकला होता, तो मग डिलीट केला. हार्डनेस हा कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिहितात, नुसत्या कॅल्शियमच्या नाही, आणि कॅल्शियमची स्वतःची मर्यादा वेगळी आहे, ७५ आणि २००.

आता भाऊजींचं आरओ. पीएचच्या रांगेत पाहिलं तर स्वीकार्य ६.५ ते ८.५, आणि दुसऱ्या रकान्यात चक्क "सूट नाही". ३४ टीडीएसवाल्या, फटाकेवाल्या पाण्याचा पीएच ६.२. म्हणजे तक्त्याच्या भाषेत बोअरला निदान नाइलाजाची सूट, नळ तिन्हीत पास, आणि सगळ्यात महागडं पाणी पीएचमधे नापास, तेही जिथे ग्रेस मार्क नाही तिथे.

भाऊजींचा चेहरा मला पाहवला नाही. म्हणून मीच त्यांची बाजू घेतली. आरओची जाळी क्षार अडवते पण कार्बन डायऑक्साइड वायू आरपार जातो, आणि त्याला सांभाळून घेणारे बायकार्बोनेट मागेच राहिले, म्हणून पीएच उतरतो. शिवाय इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात पीएच मीटरही डळमळते, आकडा स्थिर होत नाही. आणि ६.२ नं पोट बिघडत नाही, लिंबू सरबत त्याहून कितीतरी आंबट, ते आपण उन्हात दोन-दोन ग्लास पितोच. असं पाणी धातूचे पाइप हळूहळू खाते, ती खरी काळजी. "म्हणजे पिऊ का नको?" प्या ना भाऊजी. पण नळाचा टीडीएस २१० असताना त्याला ३४ वर आणायला मशीन कशाला लावलं, हे मी विचारलं नाही, पैसे भरून झाले होते.

खरी गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं या तिन्ही गोष्टींसाठी आरोग्याची म्हणून मर्यादाच ठरवलेली नाही. टीडीएस ६०० च्या खाली असेल तर चव बरी लागते, १००० च्या वर गेलं की पिववत नाही, आणि २०० च्या वर हार्डनेस गेला की गिझरमधे खडू साचते, असा तो मामला आहे. म्हणजे आम्ही पाऊण तास ज्यावर भांडलो तो प्रश्न आजाराचा कमी आणि डाळीचा, गिझरचा जास्त होता. आजाराचं जे असते, म्हणजे जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, ते आम्ही तपासलंच नव्हतं, कारण वर्गणीत तेवढे पैसे जमले नव्हते. हे मिटिंगमधे सांगितलं तेव्हा मात्र सगळे एकदम गप्प झाले.

संपचा प्रश्न मी कागदावर सोडवून दिला. एक भाग बोअर, तीन भाग नळ असं मिसळलं तर हार्डनेस १९२ येतो आणि टीडीएस ३४७, दोन्ही पहिल्या रकान्यात. निम्मं-निम्मं केलं तर हार्डनेस २६५, डाळ परत चिवट. मग सेक्रेटरी साहेबांनी पीएचची पण अशीच सरासरी काढायला सांगितली. पीएचची सरासरी अशी निघत नाही, ते लॉगचं गणित आहे, असं मी म्हटलं तर त्यांनी "याला सगळ्यातच अडचण" अशा नजरेनं पाहिलं.

आता बोअरची मोटर दिवसातून एकदाच चालते आणि चौकीदार घड्याळ लावून बसतो. पुढच्या महिन्यात जंतूंची टेस्ट आहे, निर्जंतुक बाटली लॅबच देते आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची आहे. बाटली कोण नेणार हे मिटिंगमधे विचारलं गेलं तेव्हा मी खाली पाहत होतो, तरी इतिवृत्तात माझंच नाव आहे. बाकी, घरी काल डाळ चार शिट्ट्यांत शिजली. सासूबाईंना फोन करून कळवायचं आहे, पण कोण करणार यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही.