निर्वैयक्तिकता म्हणजे माणुसकी नसणं नव्हे

लोकप्रशासन शिकवायला लागून बरीच वर्षं झाली. दरवर्षी मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञावर सराव चाचणी घेते आणि दरवर्षी एक प्रश्न हमखास चुकतो. प्रश्न साधाच असतो. वेबरच्या नोकरशाहीच्या प्रारूपात पुढीलपैकी कोणतं वैशिष्ट्य बसत नाही? पर्याय असतात पदसोपान, लिखित नियम, निर्वैयक्तिकता आणि संघभावना. उत्तर संघभावना, कारण ते फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ फेयॉलच्या 14 तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व. पण वर्गातली बरीच मुलं निर्वैयक्तिकतेवर खूण करतात. का, असं विचारलं की म्हणतात, "मॅडम, ते तर वाईट आहे ना. वेबर ते कशाला सांगेल?"

मुलांना याद्या पाठ असतात, तरीही हे होतं, कारण शब्दच कोरडा आहे. निर्वैयक्तिक म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती खिडकीआड मान खाली घालून बसलेली व्यक्ती, जी वरही बघत नाही. वेबरला ते म्हणायचंच नव्हतं. अधिकाऱ्याने राग-लोभ न धरता काम करावं, एवढंच त्याचं म्हणणं. यातला लोभ महत्त्वाचा. आपण फक्त रागाची बाजू धरतो, म्हणून शब्दाचा अर्थ उलटा होतो.

मला तो अर्थ पुस्तकातून कळला नाही. वडील गेले, त्यानंतरच्या वारस नोंदीतून कळला.

जमीन वडिलांच्या नावावर, वारस चौघं: आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. दोघींची लग्नं झालेली. तलाठी भाऊसाहेब माझ्या भावाचे शाळेतले सोबती, घरात येणं-जाणं असलेले. अर्ज द्यायला भावासोबत मीही गेले होते, आणि भावकीतले एक वयस्कर अण्णाही आले होते. अण्णा म्हणाले, "पोरी आपापल्या घरी सुखात आहेत. पोराचं आणि आईचं नाव लावा, झालं. त्या काही मागणार नाहीत, तुम्हालाही माहीत आहे."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अण्णा, मला माहीत आहे. पण मला माहीत असून चालत नाही, कागदावर यायला लागतं. ताईंना हक्क सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवून आणा, मी त्यावर दुसरा फेरफार धरतो. आज वारस चार आहेत, चारच लिहिणार."

त्या दिवशी मला ते तुटक वाटलं. एवढी ओळख, आणि असं बोलणं? आज वाटतं, माझं नाव त्या एका वाक्याने वाचलं. मित्र म्हणून त्यांना जे ठाऊक होतं, ते तलाठी म्हणून त्यांनी वापरलं नाही. निर्वैयक्तिकता ती हीच. आणि तिचा फायदा मिळाला तो त्या खोलीत ज्याचा आवाज सगळ्यात कमी होता, त्या माणसाला.

पुढचं मुलांना मी फळ्यावर काढून दाखवते, कारण वेबरची बाकीची वैशिष्ट्यं इथे एकमेकांत गुंतलेली दिसतात. वारसांची चौकशी होऊन नावं गाव नमुना 6क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत गेली. मग गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरला गेला. सगळ्या हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस गेली आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले. हरकत आली असती तर ती तक्रारी नोंदवहीत, 6अ मध्ये गेली असती आणि सुनावणी झाली असती. आली नाही, म्हणून मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि मगच सातबाऱ्यावर नावं चढली.

नोंद लिहिणारा एक आणि ती प्रमाणित करणारा दुसरा, हे इथे नीट बघा. पदसोपान म्हटलं की मुलं लिहितात, "वरिष्ठ आदेश देतो, कनिष्ठ पाळतो." ते अर्धंच उत्तर. वेबरच्या पदसोपानात वरच्याने खालच्यावर देखरेख करायची असते आणि खालच्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागायची वाटही असते. फेरफाराचा निर्णय पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. ते अपील चालतं कशावर? नोटीस कधी निघाली, कोणाला मिळाली, कोणाचा जबाब झाला, या कागदांवर. म्हणजे लिखित नोंद नसेल तर पदसोपानाचा सामान्य माणसाला काही उपयोग नाही. वरचा अधिकारी बघणार काय? वैशिष्ट्यं सुटी पाठ केली की हे निसटतं, आणि विधान-कारण प्रकारच्या प्रश्नात मुलं नेमकी इथेच अडकतात.

आपल्याकडे वेबर समजायला आणखी एक सोय आहे. गावचं दप्तर कधी काळी वतनदार कुलकर्ण्याकडे असायचं, बापाकडून मुलाकडे जायचं. पद आणि घर वेगळं नव्हतं. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली. आजच्या तलाठ्याला पगार आहे, बदली आहे, दप्तर त्याच्या मालकीचं नाही. वेबरच्या भाषेत वारशाने चालणारी पारंपरिक अधिसत्ता आणि नियमांनी चालणारी कायदेशीर-विवेकनिष्ठ अधिसत्ता यांतला फरक याहून जवळून कुठे दिसणार?

कोणी म्हणेल, तुम्हाला चांगला तलाठी भेटला म्हणून हे बोलताय. मान्य आहे. मला उलटंही भेटलंय. दुसऱ्या एका कार्यालयात, नाव घेत नाही, माझा एक साधा अर्ज तीन वेळा परत आला. पहिल्यांदा सहीखाली तारीख नाही म्हणून. ती घातली, तर जोडपत्र साक्षांकित नाही म्हणून. ते केलं, तर नावात वडिलांचं नाव पूर्ण नाही म्हणून. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. आपल्या राज्यात 2005 चा विलंब-प्रतिबंधाचा कायदा आहे, त्यानुसार एका टेबलावर नस्ती, म्हणजे फाईल, सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. माझी नस्ती कुठेच सात दिवस राहिली नाही. कायदा अक्षरशः पाळला गेला आणि काम मात्र झालं नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मर्टनने 1940 साली यालाच ध्येयाचं विस्थापन म्हटलं: नियम साधन म्हणून आलेला असतो आणि हळूहळू तोच ध्येय होऊन बसतो. ओळखायचं कसं, तर त्रुटी एकदम सांगितल्या की एकेक करून, ते बघायचं. भाऊसाहेबही "नाही"च म्हणाले होते, पण त्याच दमात पुढची वाट सांगून: हक्कसोडपत्र, दुय्यम निबंधक, दुसरा फेरफार. दोन्हीकडे नियम, दोन्हीकडे कागद. एकाने नियमामागचं कारण धरलं होतं, दुसऱ्याने फक्त नियम.

म्हणून "वेबरची नोकरशाही म्हणजे लालफीत" असं उत्तरपत्रिकेत दिसलं की मी गुण कापते. आणि "आदर्श प्रारूप" याचा अर्थ "सर्वोत्तम व्यवस्था" असा लिहिला तरी कापते. वेबरचं प्रारूप ही मोजपट्टी आहे. खरं कार्यालय तिच्याशेजारी ठेवायचं आणि कुठे कमी पडतं ते बघायचं, यासाठी ती आहे.

यंदा चाचणीत तोच प्रश्न परत घातलाय. आधी वर्गाला एकच विचारलं: तलाठी तुमच्या भावाचा मित्र आहे, त्याने कोणाचं ऐकायचं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या आत्याचं नाव नाही लागलं."