दर नाण्याचा भाव नको, उरलेली नाणी बघा

"मोठा पॅक घेतला की एक नाणं स्वस्त पडतं, म्हणून तोच फायद्याचा."

गेममधली नाणी विकत घेण्यावरच्या लेखातलं हे गणित कागदावरच बरं दिसतं. माझा भाचा इथे सोलापुरात ज्या गेमवर तासन्‌तास असतो, तिथे त्याला हवा असलेला पोशाख ६०० नाण्यांना आहे. पॅक मात्र १००, ५२० आणि १०६० चे; भाव ८९, ४४९ आणि ८९९ रुपये. ६०० चा पॅकच नाही, आणि हा योगायोग नव्हे. पहिले दोन मिळून ५३८ रुपयांत काम होतं, वीस नाणी उरतात. मोठ्या पॅकमध्ये नाण्यामागे एक-दोन पैसे वाचतात, पण खिशातून ३६१ रुपये जास्त जातात आणि ४६० नाणी पडून राहतात. पुढच्या पोशाखाला ती १४० ने कमी पडतात, म्हणजे परत खरेदी. इथल्या चादरीच्या दुकानात एक चादर मागितली तर कुणी पावणेदोन गळ्यात मारत नाही हो!

'८०% सूट, फक्त २ तास' वाल्या बंडलचंही तेच. त्या खोडलेल्या किमतीला ते कधी विकलं गेलं होतं का? घड्याळ संपू द्या, आठवड्याभरात तेच बंडल परत आलं तर सूट नव्हतीच. बंडलमधल्या ज्या वस्तू सुट्या घेतल्या असत्या तेवढ्यांचीच किंमत धरा, बाकी शून्य. युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये हेच मांडलं: वस्तूची किंमत खऱ्या चलनात दाखवा, नको असलेली नाणी घ्यायला लावू नका. लेखात याचा उल्लेख हवा होता.