भिशीचे पैसे आधी जायचे

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर गेला आठवडाभर हा मेसेज फिरतोय:

"पगार झाला की आपोआप बचत कापून घ्या, हे बँकांचं खूळ आहे. आपल्या आज्यांनी कधी ऑटो-डेबिट केलं नाही, तरी संसार केले. मन खंबीर असेल तर महिनाअखेरीस उरलेलं बाजूला पडतंच. कापलेले पैसे शेवटी परत काढावेच लागतात, आणि बाउन्स झालं तर वर दंड. छोट्या पगारवाल्यांनी या फंदात पडू नये."

आजीपासूनच सुरुवात करते. माझी आजी रावपुऱ्यात राहायची. आजोबांनी पगाराचं पाकीट हातात दिलं की दुसऱ्या दिवशी भिशीचे पैसे पोचते व्हायचे. वाण्याची उधारी चार दिवस थांबली तरी चालायची, भिशी थांबायची नाही, कारण बाकीच्या बायका वाट बघत असायच्या. उरलेल्या पैशांतून तिने भिशी भरल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. बँकेचं यंत्र नव्हतं, पण आधी बाजूला काढायचं आणि मग घर चालवायचं हा क्रम तोच होता. आणि भिशी चुकवणाऱ्या बाईची जी शोभा व्हायची, तिच्यापुढे बाउन्सचा दंड काहीच नाही.

मनाच्या खंबीरपणाबद्दल. मी बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. पासबुक छापून घ्यायला येणारा माणूस आधी खालचा शेवटचा आकडा बघतो आणि त्यावरून ठरवतो, या महिन्यात फ्रिज घ्यायचा की नाही. खात्यात ३१ हजार दिसले तर तो ३१ हजारांच्या हिशेबाने चालतो, साडेसव्वीस दिसले तर तेवढ्याच्या. यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२ टक्के पीएफ जातो, तो वाचवायला कोणाला निग्रह करावा लागल्याचं ऐकलंय? तो हातातच येत नाही. उरलेलं वाचवायचं तर महिनाभर रोज स्वतःला नाही म्हणावं लागतं. तारीख लावून ठेवली की वर्षातून एकदा ठरवलं, झालं.

परत काढावे लागतात, हे मात्र खरं आहे. का काढावे लागतात, ते मेसेज लिहिणाऱ्याने बघितलेलं नाही. माझा भाचा मकरपुरा जीआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये आहे, हातात ३१,००० येतात. त्याने दर महिन्याच्या ८ तारखेला ५,००० दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात जायची सोय केली. सहा महिन्यांनी स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आला. सहापैकी पाच वेळा रक्कम गेली, म्हणजे २५,०००. त्यातले २१,००० त्याने परत काढले होते. एकदा बाउन्स झालं, त्याचे ५०० आणि १८ टक्के जीएसटी मिळून ५९० गेले. सहा महिन्यांची कमाई ३,४१०.

"मावशी, यापेक्षा डब्यात टाकले असते तर बरं झालं असतं," म्हणाला.

मी त्याला काढलेल्या प्रत्येक रकमेपुढे कारण लिहायला लावलं. मुलीच्या शाळेची फी ९,०००. मोटारसायकलचा विमा आणि सर्व्हिस ४,२००. गावचं एक लग्न, जाण्यायेण्यासकट ४,८००. आणि नुसतीच महिनाअखेरची ओढाताण, ३,०००. म्हणजे २१ हजारांतले १८ हजार अचानक आलेच नव्हते. जूनमध्ये फी भरायची आहे हे जानेवारीतही माहीत होतं. महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्याचा बरोबर होता, वर्षाच्या खर्चाचा त्याने हिशेबच धरला नव्हता. तो खर्च मग बचतीच्या अंगावर यायचा.

म्हणून वर्षाची यादी केली. दोन सत्रांची फी १८,०००, गाडी ४,२००, गणपती ते दिवाळी ९,०००, गावाकडचं येणंजाणं ४,८००. बेरीज ३६,०००, महिन्याला ३,०००. आता हे ३,००० एका वेगळ्या बचत खात्यात जातात. ते खातं यूपीआयला जोडलेलं नाही आणि त्याचं कार्ड बायकोच्या कपाटात असतं. हे पैसे काढायचेच आहेत, फी आली की बिनधास्त काढायचे. खरी बचत फक्त १,५००, ती आरडीत. दोन्ही मिळून साडेचार हजार, म्हणजे आधीच्या पाचापेक्षा कमीच. आरडी मोडताही येते, हल्ली मोबाईलवरही. मुद्दल मिळतं, व्याज कमी होतं. पण मोडायची म्हटली की माणूस एकदा थांबतो. बचत खात्यातून काढताना थांबत नाही.

स्वतःचं तपासायचं असेल तर सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या. बचतीकडे गेलेली बेरीज करा, परत आलेली वजा करा. उरतं तीच बचत, कापली जाणारी रक्कम नव्हे.

आता दंड. भाच्याचा पगार ७ तारखेला होतो, असं तो समजत होता. एका महिन्यात ७ ला रविवार आला, हिशेबनीस सोमवारी आला, पगार ९ ला जमा झाला. ८ ला सकाळी ऑटो-डेबिटचं मँडेट लागलं तेव्हा खात्यात चौदाशे रुपये होते. म्हणून तारीख पगाराच्या दिवसाची नाही, पगार हमखास जमा झालेला असेल त्या दिवसाची ठेवायची. मागच्या बारा महिन्यांत पगार सर्वांत उशिरा कधी आला ते पासबुकात बघायचं आणि त्याच्या पुढचा दिवस घ्यायचा. भाच्याची आता १० आहे. दुसरं म्हणजे, पगाराच्याच बँकेत आरडी उघडली तर बाहेरच्या मँडेटची गरजच राहत नाही, शाखेत किंवा ॲपवर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देता येते. शिल्लक कमी पडली तर तिचाही आकार काही बँका घेतात, म्हणून दरपत्रकात तेवढी ओळ वाचून घ्या. एसआयपी असेल तर हप्ता चुकल्याचा दंड फंड घेत नाही, बँक घेते. आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती बंद पडते.

छोट्या पगाराचं उत्तर छोटंच आहे: ५०० ने सुरू करा आणि पगारवाढ झाली की त्याच महिन्यात रक्कम वाढवा, हातात येणारा आकडा कमी झाल्यासारखा वाटतच नाही. अमेरिकेत थेलर आणि बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कारखान्यात हेच करून पाहिलं होतं. वाढीबरोबर बचत वाढवायला आधीच होकार दिलेल्या कामगारांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हा अभ्यास २००४ साली छापून आला.

एका बाबतीत मात्र मी मेसेजच्या बाजूने आहे, जरी त्यात ते लिहिलेलं नाही. क्रेडिट कार्डाचं बिल थकवून आरडी भरणारे मी काउंटरवर पाहिलेत. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के लागत असतील तर वर्षाचे ४२ होतात, आरडी सहा-सात टक्के देते. अशा वेळी आपोआप जायची रक्कम आधी कार्डाकडे वळवायची. आणि कार्डाचं ऑटो-पे लावलेलं असेल तर त्यात 'एकूण देय' निवडलंय की 'किमान देय', ते आज रात्री ॲप उघडून बघा. भाच्याचं 'किमान' निघालं होतं.